टेक्सासचा 'पिक ३': आकडा नेमक्या क्रमाने लावावा की कोणत्याही?

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला राहतो. कामावरून परतताना गॅस भरायला थांबतो आणि काउंटरवर एक डॉलर टेकवून 'पिक ३' या लॉटरीचं तिकीट घेतो. आकडा ठरलेला, ४-७-२. दिवाळीत फोनवर म्हणाला, "दादा, मी एक्झॅक्ट लावतो, म्हणजे हजारात एकदा लागणार. माझ्या शेजारचा एनी लावतो, त्याचं हजारात सहा वेळा लागणार. मग मी मूर्ख आहे का?"

प्रश्न चांगला आहे, कारण दिसतं तसं त्याचं उत्तर नाही.

आधी खेळ समजून घेऊ. टेक्सासमध्ये सोमवार ते शनिवार रोज चार सोडती होतात. प्रत्येक सोडतीत ० ते ९ मधला एकेक अंक तीनदा, दर वेळी स्वतंत्रपणे निघतो. त्यामुळे ००० पासून ९९९ पर्यंत हजार निकाल होतात आणि सगळ्यांची शक्यता सारखीच. एक्झॅक्ट ऑर्डर म्हणजे ४-७-२ लावलं तर ४-७-२ असंच यायला हवं. एनी ऑर्डर म्हणजे ४७२, ४२७, ७४२, ७२४, २४७, २७४ यांपैकी काहीही आलं तरी चालतं. बक्षिसं ठरलेली आहेत. एका डॉलरला एक्झॅक्टचे ५०० डॉलर, एनीचे ८०.

इथे थांबून एक गुणाकार करा. हजार तिकिटं काढली तर खर्च हजार डॉलर. एक्झॅक्टचं सरासरी एक तिकीट लागणार, हातात ५००. एनीची सरासरी सहा लागणार, ६ गुणिले ८० म्हणजे ४८०. शक्यता सहापट झाली, पण बक्षीस एक षष्ठांशाहूनही थोडं खाली उतरलं. बरोबर सहावा भाग हवा असता तर ८३ डॉलर ३३ सेंट द्यायला हवे होते. वरचे तीन डॉलर काही सेंट राज्याच्या खिशात. म्हणजे डॉलरमागे एक्झॅक्ट ५० सेंट परत देतं आणि एनी ४८. दोन्ही धंदे तोट्याचेच, एनी दोन सेंटांनी जास्त.

दोन सेंटांत काय बिघडतं, असं वाटेल. खरा खेळ पुढे आहे.

तिकिटाच्या पर्चीवर आणखी दोन चौकोन असतात, आणि बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत. त्यातला एक कॉम्बो. कॉम्बो म्हणजे ४७२च्या सहाही मांडण्या एक्झॅक्टवर लावणं, फक्त एकाच तिकिटावर. डॉलरच्या हिशेबाने याला सहा डॉलर लागतात. सहांतली कुठलीही मांडणी आली की ५०० डॉलर. आता तेच सहा डॉलर एनीवर लावून पाहा. जिंकण्याचे निकाल तेच सहा, शक्यता तीच, आणि बक्षीस ६ गुणिले ८०, म्हणजे ४८०. सगळं तंतोतंत सारखं, फक्त २० डॉलर कमी. सहा डॉलर खर्चायचेच असतील, तर एनी निवडायला एकही कारण उरत नाही.

मग एनी ठेवलंय कशाला? किरकोळ विक्रीसाठी. कॉम्बो हे पोतं आहे. अर्ध्या डॉलरचा किमान दर धरला तरी वेगळ्या तीन अंकांचं कॉम्बो तीन डॉलरला पडतं. एनी म्हणजे पावशेर. अर्ध्या डॉलरलाही मिळतं आणि त्यात सहा मांडण्यांचं समाधान असतं. पावशेर घेणाऱ्याला घाऊक भाव मिळत नाही, इतकीच गोष्ट. पण रोज पावशेर घेणारा माणूस रोज पोतं घेणाऱ्यापेक्षा एकूण कमीच गमावतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. तीन डॉलरच्या कॉम्बोत सरासरी दीड डॉलर जातो, अर्ध्या डॉलरच्या एनीत २६ सेंट. भाव चांगला मिळतो म्हणून सहापट माल उचलण्यात शहाणपण नाही.

दुसरा चौकोन एक्झॅक्ट/एनीचा. डॉलरचे दोन भाग होतात, अर्धा एक्झॅक्टवर आणि अर्धा एनीवर. नेमका क्रम आला तर २५० अधिक ४०, म्हणजे २९०. क्रम उलटसुलट आला तर ४०. काउंटरवर सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल असतो. "डॉलर लावला होता, ५०० का नाही?" अर्धाच डॉलर एक्झॅक्टवर होता, म्हणून.

चारही प्रकार शेजारी ठेवले तर असं दिसतं. आकडा तीन वेगळ्या अंकांचा धरलाय:

| प्रकार | खर्च | हजारात जिंकणारे निकाल | लागल्यास | डॉलरमागे परत |
|---|---|---|---|---|
| एक्झॅक्ट | १ डॉलर | १ | ५०० | ५० सेंट |
| एनी | १ डॉलर | ६ | ८० | ४८ सेंट |
| एक्झॅक्ट/एनी | १ डॉलर | १ आणि ५ | २९० किंवा ४० | ४९ सेंट |
| कॉम्बो | ६ डॉलर | ६ | ५०० | ५० सेंट |

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे. तो रोज एकाच सोडतीला एक डॉलर लावतो. आठवड्यात सहा दिवस, म्हणजे वर्षाला ३१२ तिकिटं आणि ३१२ डॉलर. त्याने एक्झॅक्ट सोडून एनी धरलं तर वर्ष कसं जाईल?

एक्झॅक्टवर राहिला तर वर्षभरात एकदाही न लागण्याची शक्यता ०.९९९ चा ३१२ वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ७३ टक्के. असे शंभर लोक घेतले तर त्यांतल्या ७३ जणांच्या हाती वर्षअखेर शून्य. एनीवर तीच शक्यता सुमारे १५ टक्क्यांवर येते. उरलेल्या ८५ जणांना वर्षातून निदान एकदा ८० डॉलर मिळतात. शेजाऱ्याला 'आपलं लागतं बुवा' असं वाटतं ते यामुळे.

पण लागणं वेगळं आणि वर्षाच्या शेवटी फायद्यात असणं वेगळं. ३१२ डॉलर घातल्यावर एक्झॅक्टवाल्याला एकदा जरी लागलं, तरी ५०० येतात आणि तो वर येतो. म्हणजे शंभरातले सुमारे २७ जण वर्षअखेर फायद्यात. एनीवाल्याला तीनदा लागलं तरी हातात २४० येतात, अजून ७२चा तोटा. त्याला चारदा लागायला हवं, आणि एका वर्षात चार किंवा जास्त वेळा लागण्याची शक्यता भरते जेमतेम १२ टक्के. ज्याचं वारंवार लागतं तोच फायद्यात येणं जास्त अवघड, असा हा उलटा हिशेब आहे. एनीचा आकडा सरासरीने १६७ तिकिटांत एकदा लागतो. १६७ डॉलर गेल्यावर ८० आले की माणूस खूश होऊन पुढचं तिकीट काढतो, हे गणितात कुठेच दिसत नाही, पण दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं.

म्हणून मी त्याला सांगितलं, तू मूर्ख नाहीस आणि शेजारीही नाही. शेजारी काहीच न लागण्याच्या भीतीपासून वाचण्यासाठी थोडे पैसे जास्त मोजतोय, एवढंच. वर्षभर शून्य बघवत नसेल तर एनी घे. जो काही तोटा व्हायचा त्यात एखादा मोठा फटाका फुटण्याची संधी हवी असेल तर एक्झॅक्ट. आणि दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर एक्झॅक्ट/एनी, त्याचा भावही मधला आहे. वर्षाला सरासरी दीडशे-एकशे साठ डॉलर जाणार हे तिन्हींत समानच.

दोन सारखे अंक असलेल्या आकड्याबद्दलही लोक विचारतात, ४-४-७ सारख्या. त्याच्या मांडण्या तीनच होतात, म्हणून एनीची शक्यता हजारात तीन आणि बक्षीस डॉलरला १६०. परत मिळणारी रक्कम पुन्हा ४८ सेंटच. कॉम्बो मात्र इथे स्वस्त, डॉलरच्या दराने तीन डॉलर. ७-७-७ची मांडणी एकच, त्यामुळे त्याला एक्झॅक्टशिवाय वाट नाही.

मुंबईत वाढलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. मटक्याच्या पत्त्यांत, म्हणजे तीन अंकी आकड्यांत, अंकांचा क्रम धरत नाहीत, ते चढत्या क्रमाने लिहिले जातात आणि शून्य नवाच्या पुढे. वेगळ्या तीन अंकांच्या सिंगल पत्त्या १२०, डबल ९०, ट्रिपल १०, एकूण २२०. टेक्सासचे हजार निकाल एनीच्या नजरेने बघितले तर तेही बरोबर २२० गटांतच पडतात: १२० गट सहा-सहांचे, ९० तीन-तीनांचे आणि १० एकेकट्यांचे. मटका आपल्याकडे बेकायदा, पण तिथल्या जुन्या खेळणाऱ्यांनी हा हिशेब कागदाशिवाय तोंडपाठ केलेला असतो.

हे सारं ठरलेल्या बक्षिसांच्या राज्यांपुरतं. न्यू यॉर्कच्या 'नंबर्स' खेळातही डॉलरला ५०० ठरलेले. ११ सप्टेंबर २००२च्या संध्याकाळी तिथे ९-१-१ निघालं. त्या तारखेला तो आकडा हजारो लोकांनी लावला होता आणि नेमक्या क्रमाने लावणाऱ्या प्रत्येकाला ठरलेले ५०० मिळाले. नदीपलीकडे न्यू जर्सीत, जिथे १९७५ पासून सरकारी तीन अंकी खेळ चालतो, बक्षीस विक्री आणि विजेत्यांच्या संख्येवर ठरतं. लोकप्रिय आकडा फुटला की प्रत्येकाचा वाटा घटतो. तिथल्या एडिसन गावच्या मराठी मंडळींनी वरचा तक्ता तसाच वापरू नये. त्यांना जन्मतारखेचे आकडे टाळण्यात अर्थ आहे, टेक्सासवाल्यांना नाही. तुमच्या राज्यात बक्षीस ठरलेलं असेल तर एनीच्या रकमेला सहाने गुणा आणि एक्झॅक्टच्या रकमेशी ताडून बघा. फरक जितका, तितकी किरकोळ विक्रीची किंमत.

४७२ वर्षभर आला नाही म्हणून आता येईल, असंही भाऊ म्हणाला. सोडतीच्या चेंडूंना मागचं वर्ष आठवत नाही. उद्याही हजारात एकच.

शेवटी त्याने एक्झॅक्ट/एनी धरलं. महिनाभराने पुन्हा फोन आला, आवाज चढलेला. ७-२-४ निघाला होता आणि पैसे नाहीत म्हणत होते. तिकिटाचा फोटो मागवला. काउंटरवरच्या पोऱ्याने एक्झॅक्टच दाबलं होतं, तिकिटावर स्पष्ट छापलेलं. पूर्वीसारखाच डॉलर सरकवून, पूर्वीसारखंच "चार सात दोन" म्हणून तो गाडीकडे वळला होता. चाळीस डॉलर गेले. आता तो पर्ची स्वतः भरतो आणि तिकिटावरचा प्रकार वाचल्याशिवाय काउंटरवरून हलत नाही.