लहान खोलीत पियानो, दोन माइक: झाकणाच्या आत, काठावर की बाहेर?

खोली दहा बाय बारा फुटांची आणि छत नऊ फुटांवर. भिंतीला लागून पाच फुटी बेबी ग्रँड, आणि हाताशी कंडेन्सर माइकची एकच जोडी. बहुतेक जण आधी विचारतात की दोन माइकमध्ये अंतर किती ठेवायचं. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. माइक पियानोपासून किती लांब हे आधी ठरवावं लागतं, आणि लहान खोलीत ते आपल्या आवडीपेक्षा भिंतीच जास्त ठरवतात.

पर्याय तीन आहेत. झाकण पूर्ण उघडून माइक बाहेर, तारांपासून साधारण 1.2 मीटरवर. किंवा पियानोच्या वळणदार कडेजवळ, झाकणाच्या काठाच्या रेषेत, मधल्या तारांपासून 70 सेंटिमीटरवर. नाहीतर थेट आत, तारांच्या वर 40 सेंटिमीटरवर.

बाहेरचा पर्याय सगळ्यांना आधी सुचतो, कारण मैफलीच्या सभागृहात तसंच करतात. इथे काय होतं ते हिशोबाने पाहू. मधल्या तारांपासून समोरची भिंत दोन मीटरवर आहे असं धरा. माइक 1.2 मीटरवर म्हणजे त्याच्या पाठीमागे भिंत 80 सेंटिमीटरवर. थेट आवाज 1.2 मीटर चालून येतो, भिंतीवर आपटून आलेला 2.8 मीटर. फरक 1.6 मीटरचा, म्हणून 107 हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा उलट्या पडून एकमेकींना खातात. मिडल सीच्या सव्वा सप्तक खाली जो ए आहे, त्याच्या शेजारचीच ही जागा. डाव्या हाताचे एक-दोन स्वर खचतात आणि वरचे काही उगाच फुगतात. परत आलेला आवाज थेट आवाजापेक्षा फक्त सात-साडेसात डेसिबलने कमी असतो, त्यामुळे फुगलेल्या आणि खचलेल्या स्वरांत आठ डेसिबलपर्यंत तफावत पडते. भिंतीवर गोधडी टांगून हे जात नाही. गोधडी वरच्या पट्टीतला चकचकीतपणा मारते, 107 हर्ट्झला तिचा पत्ताही लागत नाही.

माइक 70 सेंटिमीटरवर आणला की त्याच भिंतीमुळे पडणारी तफावत चार डेसिबलच्या आत येते, 40 सेंटिमीटरवर दोनच्या आसपास. हे आकडे सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकणाऱ्या ओम्नी माइकचे आहेत. समोरून जास्त आणि पाठीमागून कमी ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकची पाठ भिंतीकडे असते म्हणून प्रत्यक्षात त्रास याहून थोडा कमी होतो. पण खर्जात तो पाठीमागचा आवाज तितकासा अडवत नाही, आणि बाजूच्या भिंती व जमीन तर उरतातच.

म्हणजे जितकं आत तितकं चांगलं? इथेच झाकण आडवं येतं. तारांच्या वर 40 सेंटिमीटरवर माइक आहे आणि त्याच्या डोक्यावर 20 सेंटिमीटरवर लाकडी झाकण. झाकणावरून परतलेला आवाज 80 सेंटिमीटर चालून येतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा जेमतेम सहा डेसिबलने कमी. भिंतीपेक्षा हा शेजारी जास्त त्रासदायक, कारण खड्डा पडतो तो 430 हर्ट्झच्या आसपास, कीबोर्डच्या ऐन मध्यावर. आत माइक घालून केलेली रेकॉर्डिंग्ज डब्यातून आल्यासारखी वाटतात, त्याचं एक मोठं कारण हेच. झाकण आखूड काठीवर टेकवून अर्धवटच उघडलं तर आणखी बिकट.

यावर उपाय सरळ आहे: झाकण काढून ठेवायचं. ग्रँडच्या झाकणाच्या बिजागऱ्यांना सहसा ओढून निघणाऱ्या पिना असतात. दोघांनी मिळून उचलायचं आणि गादीवर उभं टेकवायचं. आता माइकच्या वर थेट छत येतं, पण ते दूर आहे. तारा जमिनीपासून साधारण 95 सेंटिमीटरवर आणि छत पावणेतीन मीटरवर धरलं, तर छतावरून परतलेला आवाज अठरा डेसिबलने कमी भरतो. एवढ्याने स्वर खचत नाहीत. फक्त छताचा पंखा बंद हवा. झाकण नसताना माइक पंख्याच्या नेमका खाली येतो, आणि वाऱ्याची घरघर नंतर काढता येत नाही.

आता दोन माइकमधलं अंतर. आत 40 सेंटिमीटरवर बसलात तर ते मोठं लागतं, कारण जवळ गेलं की खालची तार मोठी आणि बाजूची लहान ऐकू येते. माइक तारांपासून 20 सेंटिमीटरवर असेल तर 60 सेंटिमीटर बाजूची तार दहा डेसिबलने कमी येते. 40 वर हाच फरक पाच डेसिबलचा. म्हणून मी 40 च्या खाली उतरत नाही आणि दोन माइकमध्ये 50 सेंटिमीटरच्या आसपास ठेवतो: एक खर्जाच्या तारांच्या बाजूला, दुसरा तार सप्तकाच्या, दोन्ही हॅमरच्या रेषेपासून हातभर मागे. अगदी हॅमरवर ठेवलं तर स्वराआधी ठक ऐकू येतं. अंतर 90 पर्यंत ताणलं तर मधलं सप्तक दोन्ही माइकपासून लांब पडतं, आणि हेडफोनवर पियानोच्या मध्यावर भोक पडल्यासारखं वाटतं. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्यामधल्या अंतराच्या तिप्पट हवं, हा तीनास एकचा नियम इथे कोणी सांगितला तर मनावर घेऊ नका. तो वेगवेगळ्या वाद्यांसमोरच्या वेगवेगळ्या माइकसाठी आहे, एकाच वाद्यावरच्या स्टिरिओ जोडीसाठी नाही.

काठावरच्या जागेसाठी मात्र जवळची जोडी बरी. फ्रान्सच्या जुन्या सरकारी रेडिओ-टीव्ही संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ओआरटीएफ मांडणी, म्हणजे 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन, इथे छान बसते. झाकणावरून बाहेर फेकला जाणारा आवाजही या जागी पोचतो, पण प्रत्येक तारेसाठी त्याचा रस्ता वेगळा असल्याने एकच स्वर खचत नाही. शिवाय ऐकणारे बरेचसे फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार. दोन्ही माइक एकत्र केले की 60 सेंटिमीटर अंतरावर बाजूच्या तारांचा खड्डा 286 हर्ट्झपासून सुरू होऊ शकतो, 17 सेंटिमीटरवर तो हजाराच्या वर सरकतो. मग बहुतेक स्वरांचा मूळ सूर त्यातून वाचतो.

तेव्हा झाकण निघत असेल तर आत 40 वर, 50 च्या अंतराने. पियानो भाड्याचा किंवा शाळेचा असेल आणि झाकणाला हात लावायची परवानगी नसेल तर काठावर ओआरटीएफ, आणि आत शिरायचा मोह टाळायचा. 1.2 मीटरची जागा मी या खोलीत वापरणार नाही. ती मोठ्या दालनासाठी ठेवा.

जागा पक्की करण्याआधी खालपासून वरपर्यंत सगळे सूर एकसारख्या जोराने, सावकाश वाजवून रेकॉर्ड करा आणि दोन्ही माइक एकत्र करून मोनोत ऐका. एखादा स्वर खचलेला वाटला तर माइक दहा सेंटिमीटर सरकवून तेवढाच भाग पुन्हा घ्या. खचलेला स्वर बदलला तर दोष भिंतीचा किंवा झाकणाचा, आणखी थोडं सरकवून पाहता येईल. तोच स्वर तसाच राहिला तर माइक हलवून उपयोग नाही, त्या हॅमरचा नमदा तपासायला पियानो ट्यूनरला बोलवा.