सबस्क्रिप्शन रद्द केलं, तरी कार्डावरून ४,९९९ रुपये गेलेच

मुलाच्या अभ्यासाच्या अ‍ॅपचं वार्षिक सबस्क्रिप्शन मी ९ जूनला रद्द केलं. १४ जूनला क्रेडिट कार्डावरून पुढच्या वर्षाचे ४,९९९ रुपये कापले गेले. ओटीपी नाही, काही नाही. पंधरा हजारांपर्यंतच्या ऑटो-डेबिटला पहिल्यांदा मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, देताना ओटीपी टाकला की पुढे तो विचारत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हे लोक त्याच्याच भरवशावर बसलेले असतात.

खरा संताप येतो तो १३ तारखेच्या एसएमएसचा. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी बँकेने कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि बँकेने तो पाळला होता. कंपनीचं नाव, रक्कम, तारीख सगळं त्यात होतं आणि खाली मँडेट बंद करायची लिंकही होती. मी तो ऑफिसला जाताना लोकलमध्ये वाचला आणि ‘आपण तर रद्द केलंय, जुनाच मेसेज असेल’ म्हणून सोडून दिला. कुणीही तेच केलं असतं. रद्द केल्याची मेल इनबॉक्समध्ये असताना बँकेच्या मेसेजवर कोण शंका घेतो?

अ‍ॅपमध्ये सबस्क्रिप्शन रद्द करणं आणि बँकेतलं मँडेट रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने स्वतःहून मँडेट थांबवलं नाही, तर बँकेच्या लेखी ते चालूच राहतं. नेट बँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा आणि तिथूनही बंद करा. अ‍ॅप नुसतं डिलीट करून काहीही होत नाही.

कंपनीचं उत्तर आलं की आमच्याकडे फक्त ‘विनंती’ आली होती, रद्द झालं नव्हतं. रद्द करताना पडद्यावर आधी ‘विनंती मिळाली’ असं येतं, मग सवलतीचं आमिष, मग ‘का सोडताय’ म्हणून प्रश्न आणि शेवटी एक फिकट बटण. ते दाबल्यावरच रद्द होतं. मी ते दाबलं होतं, त्याची मेलही आली होती. स्क्रीनशॉट मात्र पहिल्या पडद्याचाच काढलेला. त्यावर ना तारीख, ना खात्याचा ईमेल. असा स्क्रीनशॉट काही कामाचा नाही. शेवटच्या पडद्याचा काढा, अ‍ॅपमधलं खात्याचं पान ‘रिन्यू होणार नाही’ असं दाखवतं त्याचाही काढा आणि मेल फॉरवर्ड करत न बसता मूळ मेल जपून ठेवा. मला शेवटी त्या मेलनेच तारलं.

आता बँक. कस्टमर केअरच्या बाईंनी विचारलं, ‘फ्रॉड आहे का?’ मी रागात हो म्हणालो. लगेच कार्ड ब्लॉक झालं आणि वर उत्तर आलं की व्यवहार तुमच्याच मँडेटवर झालाय, त्यामुळे फ्रॉड नाही, तक्रार बंद. कुणीतरी तेव्हाच सांगायला नको का, की अशा वेळी डिस्प्यूट फॉर्मवर ‘रद्द केलेलं सबस्क्रिप्शन, तरी पैसे कापले’ हे वेगळं कारण निवडायचं असतं? ब्रँचमध्ये गेलो तर ‘कार्डाचं आमच्याकडे नसतं’. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. मेलला उत्तर काय, तर ‘मर्चंटशी संपर्क साधा’. मर्चंट म्हणतो, ‘बँकेशी बोला’.

नव्याने डिस्प्यूट टाकल्यावर पैसे तात्पुरते परत आले आणि बिल निघायच्या आत पुन्हा वळतेही झाले! कंपनीने पुरावा दिला होता की १२ जूनला अ‍ॅप वापरलंय. अरे, जुनं वर्ष १३ तारखेपर्यंत भरलेलं होतं. मुलाने वापरलं तर काय चोरी केली? हेच मी लिहून पाठवलं. सोबत ९ तारखेची मेल आणि आधीच्या वर्षाची पावती जोडली, कारण मुदत कधी संपते ते पावतीवरच असतं. रद्द केल्यानंतर वापराच्या नोंदी ते काढणारच, तेव्हा पावती फेकू नका.

बँक गप्पच. लेखी तक्रारीला तीस दिवस उलटल्यावर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. तक्रार क्रमांक आणि बँकेच्या मेल जवळ होत्या म्हणून ती टाकता आली. नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर काय दाखवणार होतो? त्यानंतर मात्र बँकेचा फोन स्वतःहून आला, आवाजात एकदम मध. ४,९९९ परत मिळाले.

पण फोनवरच्या एका महाभागाने सांगितलं होतं, ‘वादातली रक्कम भरू नका, चालतं’. त्या महिन्यात बिलात फक्त तेवढीच रक्कम होती, म्हणून काहीच भरलं नाही. लेट फी ५०० आणि त्यावर जीएसटी ९०. बँक म्हणते, असं कुणी सांगितल्याची नोंद नाही. असं काही सांगितलं तर ‘मेलवर द्या’ म्हणा, नाहीतर किमान रक्कम तरी भरून टाका. त्या ५९० साठी माझी नवी तक्रार चालू आहे.