नुसता सारांश की दाव्याशी जोडलेली नोंद?

संदर्भसूचीत प्रत्येक साधनाखाली त्याची छोटी नोंद लिहायची असते, तेव्हाचा हा प्रश्न. प्रबंधाचा दावा समजा असा: एकोणिसाव्या शतकात मराठी स्त्रिया वृत्तपत्रांतल्या टीकेला छापील उत्तर देत होत्या. साधन: ताराबाई शिंदे, ‘स्त्रीपुरुषतुलना’, पुणे, १८८२.

पहिली नोंद: ‘स्त्री-पुरुष भेदभावावर टीका करणारे पुस्तक.’ यात चूक काही नाही, पण ही ओळ कुठल्याही प्रबंधात चिकटवता येते.

दुसरी नोंद: ‘सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर स्त्रियांवर झालेल्या टीकेला दिलेले उत्तर. समकालीन म्हणून मोलाचे, पण आवाज एकाच लेखिकेचा. दाव्याला थेट आधार; मात्र “स्त्रिया” हे अनेकवचन यावर टिकत नाही.’

मी दुसरीच लिहायला सांगते. तिच्या शेवटच्या वाक्याने दाव्यातलीच फट दाखवली: आणखी लेखिका शोधा, नाहीतर दावा आवरा.