शेतातून थेट घरी येणारी आठवड्याची भाजी: पावसाळा ते उन्हाळा, आमचा अनुभव

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी जळगावजवळच्या एका शेतकरी भाऊंचा मेसेज आला होता. ‘राम राम. दर शनिवारी सकाळी घरपोच भाजी. चार-पाच फळभाज्या, दोन जुड्या पालेभाजी, मिरची-कोथिंबीर आणि एक फळ. महिन्याचे आठशे आगाऊ. जे शेतात निघेल तेच मिळेल. खाडा करायचा असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा.’ मेसेज सरळ होता म्हणून लगेच होकार कळवला. आता उन्हाळा सरत आला आहे आणि शेजारच्या दोघी-तिघी विचारत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

‘जे निघेल तेच’ याचा अर्थ नीट समजून घ्या. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. तोडा चुकला की दोन दिवसांत ती लांब आणि राठ होते. श्रावणात झड लागली तेव्हा मजूर वावरात उतरू शकले नाहीत आणि त्या शनिवारी आलेली भेंडी शिजूनही दोऱ्यासारखी राहिली. टोक मोडून पाहायचं: कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. दिवाळीच्या सुमारास गवारीचं तेच झालं. तेव्हा कापूस वेचणीला सगळीकडे माणसं लागतात, त्यामुळे भाजी तोडायला हात मिळत नाहीत. मी फोन केला तर भाऊंनी सबब सांगितली नाही. ‘ताई, तोडा मागे पडला’ म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात वाटाण्याची पिशवी जास्तीची दिली.

सगळ्यात मोठी अडचण पावसाळ्यात पालेभाजीची. शनिवारी पहाटे कापलेली मेथी ओलीच पिशवीत भरून यायची आणि रविवारी दुपारी जुडी बांधलेल्या जागी चिकट, काळी पडलेली असायची. वरून हिरवीगार दिसते, म्हणून जुडीच्या बांधाशी बोट घालून बघा. तिथे गरम आणि ओलसर लागलं तर सडायला सुरुवात झाली आहे. हे कळवल्यावर भाऊंनी कापणी शुक्रवारी दुपारवर आणली. पाऊस उघडला की कापायची, झटकायची आणि रात्रभर शेडमध्ये गोणपाटावर पसरून ठेवायची. पाने थोडी मलूल दिसतात, पण टिकतात. घरी आल्याबरोबर मी दोरा सोडते, मुळं छाटते आणि न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळते. अशी मेथी मंगळवारपर्यंत चांगली राहते.

त्यामुळे आमच्याकडे आठवड्याचा क्रमच ठरला आहे. शनिवार-रविवारी पालेभाजी, मग भेंडी-गवार, बुधवारी गिलके किंवा दोडके, आणि शेवटी डांगर, कोबी असं टिकणारं. हा क्रम मोडला की शुक्रवारी टोपलीत सुकलेलं उरतं.

हिवाळ्यात मात्र पैसे पुरेपूर वसूल होतात असं माझं मत आहे, ते भरताच्या वांग्यांमुळे. बाजारात भरताचं म्हणून कुठलंही मोठं वांगं गळ्यात मारतात. भाऊंची पोपटी वांगी आकाराने मोठी आणि हाताला हलकी असतात, त्यांत बिया कमी निघतात. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजली की साल सहज सुटते आणि गर पांढराशुभ्र राहतो. सोबत कळण्याची भाकरी झाली की घरात दुसरी भाजी कोणी मागत नाही. हिशेबाने पाहिलं तर याच दिवसांत बाजारात मेथी-कोबी मातीमोल मिळते, तेव्हा ठरलेले आठशे जास्त वाटतात. पावसाळ्यात भाव चढले तरी आमचा दर तोच होता. वर्षाची गोळाबेरीज केली तर फार वाचत नाही, आणि केवळ पैसे वाचवायला कोणी घेणार असेल तर मी घ्या म्हणणार नाही.

फळात बहुतेक वेळा केळी. अर्धी पिकलेली फणी येते आणि घरातच तीन-चार दिवसांत पिकते. थंडीत आठवडाही लागतो. हिरवट फणी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळपट पडते आणि नंतर बाहेर काढली तरी ती नीट पिकत नाही.

उन्हाळ्याचं खरं सांगते, एप्रिलपासून कंटाळा येतो. पारा चव्वेचाळीसला गेला की पालेभाजी जवळपास बंद, आणि गिलके, काकडी, डांगर पुन्हा पुन्हा. टरबूज-खरबूज येतात म्हणून मुलं खूश असतात. शिवाय दहानंतर गाडी आली तर कोथिंबीर दारातच मान टाकते. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून विचारलं तर भाऊ तयार झाले: तेवढ्याच पैशांत अर्धी पिशवी शनिवारी, अर्धी मंगळवारी, दोन्ही दिवस सकाळी आठच्या आत. एकट्या घरासाठी दोन फेऱ्या त्यांना परवडत नाहीत, त्यामुळे नवीन कोणी घेणार असेल तर आधी गल्लीतली घरं जमवा आणि मगच त्यांना फोन करा.