काळ्या पानांचा स्प्रिंगवाला अल्बम: एक पावसाळा काढल्यानंतर

मला कात्रीने सरळ कापता येत नाही. शाळेत हस्तकलेच्या तासाला माझं सगळं काम शेजारच्या बाकावरची मैत्रीण करून द्यायची. गेल्या मे महिन्यात तिला पन्नास पूर्ण झाली आणि तिच्यासाठी मी स्वतःच्या हातांनी फोटोंचा अल्बम बनवला. आता जानेवारी आहे. अल्बम मांद्र्याला तिच्या घरी असतो. घर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि म्हापशाहून मी गेले की तो पहिला उघडून बघते. त्यामुळे हे लिहिण्याइतका अनुभव जमा झाला आहे.

अल्बम साधाच आहे. जाड काळी पानं, डाव्या बाजूला लोखंडी तारेची स्प्रिंग आणि पुठ्ठ्याचं कव्हर. चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा कागद असलेला अल्बम मी मुद्दाम टाळला. तसलाच एक तिच्या लग्नात आम्ही सगळ्यांनी मिळून दिला होता. त्यातल्या डिंकाच्या रेघा तपकिरी होऊन फोटोंतून दिसू लागल्यात आणि फोटो निघता निघत नाहीत. त्यातले सहा मला हवे होते. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढला, तर चार सुटे झाले. उरलेल्या दोघांचे कोपरे फाटायला लागले तसा हात आवरला. खरं म्हणजे दोरा घालण्याआधीच सगळ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला हवे होते. बाल्कनीत सावलीला, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून.

हाताला कला नसेल तर गोंदाच्या वाटेला जाऊच नये. फेविकॉलमध्ये पाणी असतं, पान फुगतं आणि वाळल्यावर त्यावर लाटा उठतात. वाकडा चिकटला की वाकडाच राहतो. म्हणून मी फोटो कॉर्नर घेतले. हे कागदाचे छोटे त्रिकोणी खिसे, मागे चिकट. एका फोटोला चार. पहिल्या दिवशी मी पेन्सिलीने खुणा करून आधी कॉर्नर पानावर लावले आणि मग त्यांत फोटो घालायला गेले. एकही फोटो बसला नाही. उलटं करायचं असतं: चारही कॉर्नर आधी फोटोच्या कोपऱ्यांना टोपीसारखे घालायचे, मागचा कागद सोलायचा आणि फोटोसकट पानावर दाबायचं. मापबीप काही लागत नाही. फक्त टोपी अगदी घट्ट ओढू नये, केसभर सैल ठेवावी. याचं कारण मला डिसेंबरात कळलं, ते पुढे सांगते.

फोटो लॅबमधून चार बाय सहाचे, मॅट कागदावर काढून घेतले. चकचकीत कागदाचे दोन फोटो समोरासमोर आले की आमच्या दमट हवेत एकमेकांना धरतात, हे जुन्या गठ्ठ्यांवरून माहीत होतं. पहिल्या खेपेला वेगळीच गंमत झाली. जत्रेतल्या नाटकानंतर काढलेल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या तिघांची डोकीच गायब! मोबाईलचा फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणातला असतो, तर चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद पूर्ण भरायला लॅबचं मशीन वरखालून कापतं, आणि आडव्या फोटोच्या उंचीचा नववा हिस्सा जातो. दुसऱ्या खेपेला काउंटरवरच सांगितलं, "पूर्ण फोटो पाहिजे, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल." सगळी डोकी परत आली. व्हॉट्सॲपवरचे फोटोही त्यांनी डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवायला लावले. नेहमीसारखे पाठवलेले फोटो बारीक होऊन येतात आणि कागदावर चेहरे पुसट दिसतात.

मजकुराचा प्रश्न होता, कारण माझं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. काळ्या पानावर पांढऱ्या जेल पेनने दोन ओळी लिहिल्या, तळहाताने पुसून निघाल्या. मग पोस्टातून पोस्टकार्डं आणली आणि वर्गातल्या मुलींना एकेक वाटली. म्हटलं, तिची एकच आठवण लिहा, शुभेच्छा नकोत. पोस्टकार्ड चार बाय सहाच्या फोटोहून जरासं लहान असतं, त्याच कॉर्नरमध्ये आरामात बसतं, आणि प्रत्येकीचं अक्षर आपसूक अल्बममध्ये येतं. एकीने लिहिलंय, "सातवीच्या सहलीत हिने माझा डबा खाल्ला आणि वर म्हणाली, मीठ कमी आहे गो." या पानावर मैत्रीण अजून दर वेळी थांबते. तीन कार्डं जेल पेनने लिहिलेली होती. ऑगस्टपर्यंत त्यांची अक्षरं कडेने फुटली. बॉलपेनवाली जशीच्या तशी आहेत.

आता पावसाळ्याबद्दल. जुलैमध्ये तिने काळजीपोटी अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लोखंडी कपाटात ठेवला, तेही बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या. तीन आठवड्यांनी फोन आला, "अगो, ह्याला बुरशी आली गो!" पिशवीने ओल आतच कोंडली होती. नशिबाने पांढरी पूड फक्त कव्हरवर होती. ओलं फडकं लावू नको, एवढंच मी सांगितलं. पाऊस उघडला त्या दिवशी बाहेर ओसरीवर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने झाडली. तेव्हापासून अल्बम जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून आतल्या भिंतीच्या फडताळात असतो आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडा ठेवला जातो. बुरशी परत आलेली नाही.

कॉर्नरांपैकी पाच-सहा सुटले, ते नवीन लावले, दहा मिनिटांचं काम. त्यांची मला फिकीर नव्हती. खरा त्रास दिला तो स्प्रिंगने. सप्टेंबरात भोकांभोवती तपकिरी ठिपके दिसले. खारं वारं लागून तार गंजली होती आणि गंज पानाच्या कडेला उतरत होता. फोटो कडेपासून लांब लावले होते म्हणून वाचले. झेरॉक्सवाल्याकडे प्लास्टिकची स्प्रिंग घालून मिळते का विचारलं. तो म्हणाला, त्याच्या मशीनची भोकं वेगळी, नव्याने पाडावी लागतील. मग आम्ही पक्कडीने तार तोडून काढली आणि जुन्याच भोकांतून तीन ठिकाणी सुती नाडी ओवून सैल बांधली. सैल यासाठी की पोस्टकार्डं आणि कॉर्नर मिळून अल्बम जाड झालाय, आवळून बांधला तर तोंड उघडंच राहतं.

आणि डिसेंबर. मला वाटलं होतं फोटो पावसात वाकतील. वाकले ते थंडीत, हवा कोरडी झाल्यावर. पावसाळ्यात काळं पान ओल पिऊन फुगतं, नंतर आक्रसतं, पण फोटोचा कागद तितका आक्रसत नाही. जे फोटो मी घट्ट बसवले होते ते मधे फुगून कमानीसारखे उभे राहिले. सैल बसवलेले सपाट आहेत. फुगलेल्यांचा प्रत्येकी एक कॉर्नर काढून जरा बाहेर सरकवून लावला, तसे बसले.

पुन्हा घेईन का? काळी पानं आणि कॉर्नर, हो. लोखंडी स्प्रिंग मात्र समुद्राकाठच्या घरासाठी नाही, दुकानात सुट्या पानांचा, नाडीने बांधायचा अल्बम मिळतो तो घेईन. शेवटची सात पानं मी कोरी सोडली होती. कॉर्नरचं उरलेलं पाकीटही तिला दिलं होतं. त्यातल्या दोन पानांवर तिने गणपतीचे फोटो लावलेत. अर्थात, माझ्यापेक्षा सरळ.