हायपर-व्ही, आठ महिन्यांनंतर: 83 गिऱ्हाइकांना दोनदा गेलेला तगादा

आमच्या इचलकरंजीतल्या सुताच्या पेढीचा एसक्यूएल सर्व्हर गेले आठ महिने हायपर-व्ही सर्व्हर 2019 वर चालतोय. ही आवृत्ती फुकट आहे, हेच ती घेण्याचं मुख्य कारण. स्क्रीनवर फक्त काळी खिडकी, त्यामुळे सगळं पॉवरशेलवर. वेगाबद्दल एक अक्षर तक्रार नाही. तक्रार चेकपॉइंटबद्दल आहे, आणि ती जरा लांब आहे.

2016 पासून नव्या व्हीएमला आपोआप ‘प्रॉडक्शन’ चेकपॉइंट लागू असतो, म्हणून मी निर्धास्त होतो. रोज रात्री 9:10 ला स्क्रिप्ट चेकपॉइंट घ्यायची आणि जुना काढून टाकायची. एका सकाळी बिलिंगच्या प्रोग्रामचं अपडेट फसलं, तेव्हा रात्रीच्या चेकपॉइंटवर मागे गेलो. व्हीएम चालू केली, तर ती बूट झालीच नाही, थेट जागी झाली. रात्री मी उघडी ठेवलेली नोटपॅडची खिडकी तशीच समोर, कर्सरसुद्धा लुकलुकतोय. तेव्हाच समजायला हवं होतं. प्रॉडक्शन चेकपॉइंट मेमरी साठवत नाही. तो लावल्यावर व्हीएम बंद अवस्थेत मिळते आणि नव्याने बूट करावी लागते. इथे तर मेमरीसकट सगळं परत आलं, म्हणजे हा स्टँडर्ड होता.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले. "अहो, तगाद्याचं मेल काल रात्री आलं होतं की, परत कशाला?" उधारीच्या आठवणीची मेलं पाठवणारा जॉब रात्री 9 ला सुरू होतो. 143 गिऱ्हाइकं, दर दहा सेकंदाला एक मेल. 9:10 ला 60 मेलं झाली होती. मेमरी परत आल्यावर जॉबच्या लेखी अजून रात्रीचे 9:10 च वाजले होते, म्हणून त्याने इमानेइतबारे उरलेली 83 पुन्हा पाठवली. डेटाबेस मागे गेला, पण गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये पडलेलं मेल मागे येत नाही. शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता मुळाशी. ‘प्रॉडक्शन’ या पर्यायाचा खरा अर्थ ‘जमलं तर प्रॉडक्शन, नाहीतर स्टँडर्ड’ असा आहे. गेस्टमधल्या व्हीएसएसशी बोलणं होण्यासाठी बॅकअपची इंटिग्रेशन सर्व्हिस चालू लागते. ती मीच सुरुवातीला कुठल्याशा एररच्या वैतागात बंद केली होती आणि विसरलो होतो. रात्रीच्या स्क्रिप्टचे संदेश वाचायला कोण बसतंय? मला राग त्या सर्व्हिसचा नाही, या गुपचूप तडजोडीचा आहे. डेटाबेसच्या मशीनसाठी ही सवय बदलून टाका:

```
Enable-VMIntegrationService -VMName "SQL01" -Name "VSS"
Set-VM -Name "SQL01" -CheckpointType ProductionOnly
```

आता प्रॉडक्शन जमला नाही तर चेकपॉइंट होतच नाही, एरर येते. मला तेच हवं होतं.

इथपर्यंत लिहून हा अनुभव दोन महिन्यांपूर्वीच टाकणार होतो. बरं झालं, टाकला नाही. कारण ProductionOnly करूनही गोष्ट अर्धीच झाली होती. चेकपॉइंट विनातक्रार होत होता, पण गेस्टच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये 3197 ही नोंद कुठेच नव्हती. व्हीएसएसने एसक्यूएलला खरंच थांबवलं असेल तर "I/O is frozen on database" असं 3197 ला दिसतं आणि पाठोपाठ 3198 ला I/O पुन्हा सुरू झाल्याची नोंद येते. `vssadmin list writers` चालवलं, तर यादीत SqlServerWriter चा पत्ताच नाही! कोणीतरी "मशीन हलकं करायला" SQL Server VSS Writer ही सर्व्हिस बंद करून ठेवली होती.

ती बंद असली तरी व्हीएसएस अडत नाही. फाइल सिस्टिम नीट थांबते, चेकपॉइंटवर प्रॉडक्शनचा शिक्काही बसतो, फक्त एसक्यूएलला कोणी विचारलेलं नसतं. असा चेकपॉइंट लावणं म्हणजे वीज गेल्यावर मशीन पुन्हा चालू करण्यासारखं. एसक्यूएल आपल्या ट्रान्झॅक्शन लॉगवरून बहुतेक वेळा सावरतो, पण भरवसा त्या सावरण्यावर राहतो. सर्व्हिस चालू असेल तर तो क्षणभर लिखाण थांबवतो आणि सगळे डेटाबेस एकाच ठरलेल्या बिंदूवर सापडतात. लिनक्स गेस्टमध्ये तर फाइल सिस्टिमच तेवढी गोठते. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीला आपणहून काही कळत नाही, तिथे त्यांच्या क्रॅश रिकव्हरीवरच भिस्त.

सर्व्हिस चालू करून Automatic वर टाकली. त्या रात्री 9:10 ला पाचही डेटाबेसच्या 3197 च्या नोंदी ओळीने पडल्या आणि काही सेकंदांत 3198 च्या. मी फोनवर त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, हसा हवं तर.

एक फायदा मात्र अनुभवाने कळला. प्रॉडक्शन चेकपॉइंट लावल्यावर व्हीएम बंदच मिळत असल्याने आधी तिचं नेटवर्क तोडता येतं. परवा चाचणीसाठी एका प्रतीवर तेच केलं. एसक्यूएल वर आला, तगाद्याचा जॉब अर्धवट तुटलेला दिसला. मेलच्या रांगेत आधीच पडलेली दोन मेलं मात्र सुटायला बसलेलीच होती, कारण ती msdb मध्ये कमिट झालेली असतात. ती हाताने काढली, मगच केबल जोडली.

बॅकअप म्हणून याकडे बघत नाही. .bak फाइल रोज दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि मागे जाण्यापूर्वी त्या क्षणाची एक वेगळी घेतो, कारण चेकपॉइंटनंतरची बिलं त्यातच असतात. जॉबची वेळ मात्र बदलली: तगादा आता 9:40 ला.