सिरप आधी की प्रीमिक्स? छोट्या सोडा युनिटसाठी तुलना

२०० मिलीची प्लास्टिक बाटली, जिरा-मसाला, लेमन, ऑरेंज असे तीन-चार फ्लेवर आणि रोजचा माल काही शे लिटर. असं युनिट टाकणाऱ्यासमोर पहिला मोठा निर्णय असतो तो बाटली भरण्याच्या पद्धतीचा. एका पद्धतीत मोजलेलं सिरप आधी बाटलीत पडतं आणि त्यावर गॅस भरलेलं थंड पाणी येतं. दुसरीत, म्हणजे प्रीमिक्समध्ये, सिरप आणि पाणी टाकीतच ठरल्या प्रमाणात एक होतं, त्या तयार मिश्रणात गॅस भरला जातो आणि मग ते बाटलीत उतरतं. मी दोन्ही पद्धतींवर काम केलं आहे आणि शेवटी प्रीमिक्सवर स्थिरावलो आहे. सिरप-आधीवर उत्तम माल काढणारी माणसंही माझ्या ओळखीची आहेत, त्यामुळे मी म्हणतो तेच खरं असा आग्रह नाही. माझा कौल कशावरून ठरला, ते मात्र सविस्तर सांगतो.

सिरपचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणून ते आधी उरकू. समजा, तयार पेयाची ब्रिक्स ११ हवी आणि प्रमाण १ भाग सिरपला ५ भाग पाणी. बरेच जण इथे ११ गुणिले ६ करून ६६ ब्रिक्सचं सिरप बनवायला निघतात. ब्रिक्स म्हणजे साखरेची वजनातली टक्केवारी आणि आपण मिसळतो आकारमानाने, त्यामुळे हा गुणाकार चालत नाही. ११ ब्रिक्सच्या पेयाचं लिटरला वजन साधारण १.०४२ किलो भरतं, म्हणजे त्यात साखर ११४.६ ग्रॅम. असं ६ लिटर पेय होण्यासाठी १ लिटर सिरपमध्ये सुमारे ६८८ ग्रॅम साखर लागते, आणि ती ५५ ब्रिक्सच्या किंचित खालच्या सिरपमध्ये मिळते. ६६ ब्रिक्सचं सिरप घातलं, तर पेय साडेतेराच्याही वर जातं. सिरप करताना सोडियम बेंझोएट आधी थोड्या पाण्यात विरघळवून घालायचं आणि सायट्रिक आम्ल त्यानंतर. क्रम उलटला तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण तळाशी बसतात आणि सिरपमधलं संरक्षण कमी होतं.

आता सिरप-आधीचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. गॅस भरणाऱ्या कार्बोनेटरमधून फक्त पाणी जातं, त्यामुळे साखर, वास आणि बुरशी यांचा तिथे संबंध येत नाही. साध्या पाण्यात गॅस सहज मुरतो आणि फेसही कमी होतो. फ्लेवर बदलायचा असेल तर सिरपची टाकी, डोस देणारी यंत्रणा आणि त्यांना जोडणारी नळी एवढंच धुवायचं. सकाळी जिरा, दुपारी ऑरेंज आणि मध्येच कुणाची कोकमची ऑर्डर आली, तरी अडत नाही. भांडवलही कमी लागतं.

गॅसच्या बाबतीत मात्र इथे एक हिशेब वाढतो. बाटलीत ३३.३ मिली सिरप पडतं आणि त्यात गॅस नसतो. उरलेल्या १६६.७ मिली पाण्यालाच संपूर्ण बाटलीचा गॅस आणावा लागतो. तयार पेयात ३ व्हॉल्यूम, म्हणजे पेयाच्या आकारमानाच्या तिप्पट गॅस हवा असेल, तर पाण्यात किमान ३.६ हवेत आणि भरताना जो उडतो तो वेगळा. त्यात सिरप खोलीच्या तापमानाचं असतं. एप्रिल-मे मध्ये ३२ अंशांच्या सिरपवर ४ अंशांचं पाणी पडलं की बाटलीतलं मिश्रण साधारण ८ अंशांवर येतं. गॅस धरून ठेवण्याची ताकद तापमानाबरोबर घटते, म्हणून भरण्याचं तोंड सुटताच फेस वर येतो. आट्यांवर गोड थर राहतो आणि झाकण चिकट होतं. सिरपही थंड ठेवलं की हा त्रास बराच आटोक्यात येतो, पण मग ते घट्ट होतं आणि डोसचं माप हलतं.

माझा विचार बदलायला सुरुवात याच मापापासून झाली. डोस अर्धा मिली जास्त पडला तर ब्रिक्स ११ ची ११.१६ होते, एक मिली जास्त पडला तर ११.३३. आम्ही ०.२ पर्यंत वर-खाली चालवून घेतो. म्हणजे प्रत्येक डोस ३३.३ वर अर्ध्या मिलीच्या आसपास सांभाळायचा, तोही दिवसभर. सकाळचं गार सिरप हळू उतरतं, दुपारचं पातळ सिरप पटकन. टाकीतली पातळी खाली गेली की साध्या डोसरचा वेग पुन्हा बदलतो. पाणी कमी-जास्त भरलं गेलं तर तो फरकही थेट गोडीत दिसतो, कारण सिरप आधीच बाटलीत बसलेलं असतं.

एवढं असूनही मी निभावून नेलं असतं. डोस दर तासाला मोजता येतो, सिरप एका तापमानाला ठेवता येतं. ज्याने मला खरोखर वैताग आणला ती गोष्ट वेगळी होती: तपासणीच्या आकड्यावर विसंबताच येईना. सिरप जड असल्यामुळे तळाशी राहतं. झाकण लावल्यावर बाटली उलटीसुलटी करूनही ते पूर्ण मिसळलं की नाही, हे डोळ्यांना नीट कळत नाही. नीट न मिसळलेल्या बाटलीतला वरचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ९ दाखवतो आणि तळाचा १३. आपण नेमका कुठला थेंब घेतला, यावर निकाल ठरतो. बाटली हलवून, गॅस घालवून, व्यवस्थित तपासली, तरी मिळालेला आकडा त्या एकाच बाटलीचा असतो. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या बाटलीबद्दल तो काहीही सांगत नाही. मी तपासायला घेतलेली बाटली ११ देई आणि त्याच क्रेटमधली दुसरी ११.४. मग मालक विचारतात, माल पास करायचा की नाही? या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नसायचं. वहीत आकडे भरत होते, पण त्यांच्या जोरावर सही करायला हात धजत नव्हता.

प्रीमिक्समध्ये हा प्रश्न उरत नाही. १००० लिटरच्या टाकीत १६६.७ लिटर सिरप आणि बाकी पाणी घालून नीट ढवळलं, वरून, मधून आणि खालून असे तीन नमुने घेतले आणि तिन्ही सारखे आले, की तो आकडा सगळ्या टाकीचा असतो. शिवाय गॅस भरायच्या आधीच तो हातात येतो. टाकीत ११.३ निघाली तर अंदाजे २८ लिटर पाणी घालून पुन्हा ढवळायचं आणि पुन्हा तपासायचं. तेच ११.३ झाकण लावलेल्या बाटलीत सापडलं, तर काहीच करता येत नाही. प्रीमिक्समध्ये एखादी बाटली थोडी कमी भरली तर वजनाचा दोष निघतो, चवीचा नाही. लाईन सुरू झाल्यावर मी बाटलीतली ब्रिक्स मुख्यतः एवढ्यासाठी बघतो की नळीतलं धुण्याचं पाणी पूर्ण निघून गेलं का. नमुना दोन ग्लासांत मागेपुढे ओतून गॅस पुरता घालवायचा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि ब्रिक्स खोटी जास्त दिसते.

गॅसची तपासणी दोन्ही पद्धतींत बाटलीवरच करायची, कार्बोनेटरवरच्या दाबाच्या घड्याळावरून नाही. झाकणाला भोक पाडणारा टेस्टर लावला की वरची हवा एकदा सोडून काटा शून्यावर आणायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, काटा चढायचा थांबेपर्यंत बाटली जोरात हलवायची, दाब वाचायचा आणि लगेच आतलं तापमान घ्यायचं. १५.५ अंशांना २९ पीएसआय आले तर ३ व्हॉल्यूम. तेच ३ व्हॉल्यूम ४ अंशांना जेमतेम १५ पीएसआय दाखवतात आणि ३० अंशांना ५० च्या वर जातात, म्हणून तापमानाशिवाय लिहिलेला दाब निरर्थक असतो. हवा न सोडता थेट वाचलं तर हवेचा दाबही गॅस म्हणून मोजला जातो. ही हवा बऱ्याचदा पाण्यातून येते, म्हणून बाटलीत हवा सतत जास्त निघत असेल तर आधी पाण्याचा पंप आणि त्याची खेचणारी बाजू बघावी. तिथला गळका जोड पाण्याबरोबर हवाही ओढतो, आणि अशी हवा मिसळलेलं पेय भरताना उसळतं.

प्रीमिक्सचे दोषही लपवत नाही. साखरेच्या मिश्रणाला फेस जास्त येतो, त्यामुळे चिलर दमदार हवा. मिश्रण ४ अंशांच्या वर गेलं की भरण्याचा वेग कमी करावा लागतो. फ्लेवर बदलताना टाकी, कार्बोनेटर, नळ्या, फिलर, सगळंच धुवावं लागतं आणि आत अडकलेला माल वाया जातो. जिरा तर रबरी गास्केटमध्ये शिरून बसतो. गरम पाणी आणि कॉस्टिक फिरवूनही पुढच्या लेमनच्या पहिल्या बाटल्यांना त्याचा वास येतो. रोज चार फ्लेवर आणि प्रत्येकाचे थोडेच क्रेट, असा तुमचा धंदा असेल तर हा खर्च अंगावर येईल, आणि तिथे सिरप-आधीच बरं पडेल असं मला वाटतं. गर असलेल्या पेयांबाबतही मी घाई करणार नाही, कारण गराचे कण फेस आणखी वाढवतात.

पण दोन-तीन फ्लेवर असतील आणि एका दिवशी एकच चालवायची तयारी असेल, तर मी प्रीमिक्सच घ्या म्हणेन. आठवड्याचा क्रम लेमन, मग ऑरेंज आणि शेवटी जिरा असा लावा, म्हणजे मोठी धुलाई एकदाच येते. जिऱ्यासाठी गास्केटचा वेगळा संच ठेवा आणि त्यावर खूण करून तो वेगळ्या डब्यात ठेवा. मशीन ठरवताना दोन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून मागा: मिक्सिंग टाकीला वर, मध्ये आणि खाली नमुना घ्यायचे नळ, आणि फिलरपाशी मिश्रणाचं तापमान दाखवणारं मीटर. ते चिलरपाशी बसवलेलं चालत नाही. चिलरपासून फिलरपर्यंतच्या नळीत, विशेषतः दुपारी, मिश्रण बरंच तापतं, आणि भरताना महत्त्वाचं असतं ते फिलरवरचं तापमान.